दिवस व्हायच्या आधीचा बिंदू

"मोजलेला माणूस हरवला, तर तो कोणाजवळ हरवला म्हणायचा? माह्याजवळ का हापिसाजवळ?" संगीता आडे हिने हा प्रश्न मला महागावच्या बसस्थानकामागच्या एका चहाच्या टपरीवर विचारला. तिला उत्तराची घाई नव्हती. बशीतला चहा निवेपर्यंत ती थांबली. हे टिपण त्या प्रश्नामागच्या हकिकतीचे आहे.

संगीता महागाव तालुक्यातल्या पळसखोरी तांड्याची. तांडा म्हणजे गोर बंजारा समाजाची वस्ती. पाठीवर माल लादून मुलूखभर फिरणारे हे लोक तीनचार पिढ्यांपूर्वी इथल्या उतारावर स्थिरावले आणि कापूस, तूर करू लागले. संगीता आश्रमशाळेत शिकली, पुसदला बी. ए. झाली, लग्न होऊन उमरखेडकडे गेली आणि दोन वर्षांत परत आली. परत येण्याचे कारण तिने सांगितले नाही, तांड्यानेही विचारणे थांबवले होते. तिला गोर बोली, वऱ्हाडी आणि पुस्तकी मराठी अशा तिन्ही भाषा सारख्याच सहज येत, त्यामुळे तालुक्यात कोणाचेही सर्वेक्षण निघाले की तिला निरोप येई. शौचालये, शेततळी, गरोदर बाया, शाळाबाह्य मुले हे सगळे तिने मोजले होते. तांड्याचा नायक भावसिंग तिला लांबून येताना पाहूनच म्हणे, "आली सर्वेवाली. पोरी, आता का मोजून राह्यली? तांड्यातल्या कोंबड्या राह्यल्या फक्त."

"त्या तुमच्या घरी जास्त हायेत नायक, म्हणून सोडल्या," ती म्हणे.

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी माणसाच्या खांद्यापर्यंत वाढली होती. बोंडअळीच्या धास्तीने फवारण्या वाढल्या, औषधांची मिश्रणे कडक झाली आणि उंच झालेल्या झाडांमुळे फवारा तोंडावर येऊ लागला. ऑगस्टपासून दवाखान्यांत विषबाधेचे रुग्ण दाखल होऊ लागले. त्यांत शेतमालकांपेक्षा मजुरीने फवारणारे अधिक होते. दवाखान्यात मरण पावलेल्यांची नोंद दवाखान्याने केली. वाटेत, घरी, खासगी डॉक्टरकडे सलाईन लावून परत आल्यावर जे गेले, त्यांचा मात्र कागद कुठेच तयार झाला नाही.

अशा माणसांचा शोध घेण्याचे काम पुसदच्या एका संस्थेने अंगावर घेतले. संस्थेच्या प्रमुख रत्नप्रभा देशपांडे या निवृत्त प्राध्यापिका. पुसदमधल्या वकील आणि शिक्षकांच्या जुन्या घराण्यातल्या, बोलण्यात नेमक्या आणि वागण्यात शिस्तीच्या. चौकशीसाठी नेमलेल्या समितीने त्यांना सांगितले होते की नोव्हेंबरअखेर यादी द्या. मात्र ऐकीव नावे चालणार नाहीत. प्रत्येक नोंदीला घराच्या जागेचा नकाशावरचा बिंदू हवा आणि घरातल्या माणसाची सही किंवा अंगठा हवा. ज्या गावांत मृत्यूचे बिंदू दिसतील, त्या गावांत समितीचे डॉक्टर जाऊन जबाब घेणार होते. ज्या गावात बिंदू नाही, तिथे कोणी जाणार नव्हते.

काम मोबाईलवरचे होते. संस्थेने फोन दिले आणि त्यात माहिती भरण्याचे ॲप घालून दिले. रत्नप्रभाताईंचा भाचा स्वानंद हा तांत्रिक बाजू पाही. प्रशिक्षणात त्याने सांगितले, "नेटवर्क नसलं तरी घाबरू नका. जागेचा बिंदू उपग्रहावरून मिळतो, त्याला सिम लागत नाही. फक्त उघड्यावर उभं राहायचं, आणि अचूकता पाच मीटरच्या आत येईपर्यंत धीर धरायचा. फॉर्म फोनमध्येच साठत राहतो. रेंजमध्ये आलात की पाठवा हे बटण दाबायचं."

पळसखोरीत रेंज नव्हती. टेकडीवर कडुनिंबाखाली एखादी काडी येई आणि जाई. त्यामुळे संगीताचे काम असे चाले: दिवसभर तांडे आणि वाड्या फिरायच्या, टिनाच्या छपराखालून अंगणात येऊन बिंदू घ्यायचा, फॉर्म भरायचा आणि आठवड्याच्या बाजाराला महागावला गेले की सगळे एकदम पाठवायचे. अंगणात फोन तळहातावर धरून ती निश्चल उभी राही. म्हाताऱ्या बाया म्हणत, "प्रसाद मागते का वं देवाले?" ती म्हणे, "हाव याडी, वरून उतरून राह्यला. बारा मीटर झाला. आठ झाला." याडी म्हणजे आई. तांड्यात वडीलधाऱ्या बाईला असेच म्हणतात.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पळसखोरीत आठवड्याच्या आत तीन मरणे झाली. शेवटचा डोंगरसिंग राठोड. शेजारच्या गावातल्या एका मोठ्या शेतात तो रोजाने फवारायला गेला होता. संध्याकाळी डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाला, ओकला, महागावात सलाईन घेऊन परत आला. सकाळी त्याला जीपमध्ये घालून यवतमाळला नेत होते, तर घाटाच्या अलीकडेच तो गेला. जीप तिथूनच वळवली. दवाखान्याच्या दारापर्यंत तो पोहोचलाच नाही, म्हणून शवचिकित्सा नाही. आणि शवचिकित्सा नाही म्हणून विषाचा उल्लेख कुठेच नाही. त्याची बायको हंसाबाई हिच्या बोलण्यापलीकडे त्या मृत्यूचा पुरावा उरला नव्हता.

संगीता तिच्या घरी गेली तेव्हा भावसिंग नायक ओट्यावर बसलेला होता.

"विचार काय विचारायचं ते," तो म्हणाला. "पण अंगठा घेशील नोको. दिवस झाल्याबिगर त्या घरचा शब्द घेत नाहीत, तुले मालूम हाये."

तिला ठाऊक होते. पळसखोरीची ही रीत जुनी. घरात मरण झाले की दिवस, म्हणजे मर्तिकाचे विधी, होईपर्यंत त्या घराशी कोणी व्यवहार ठरवत नाही, त्या घराची साक्ष घेत नाही, कसल्याही कागदावर त्यांचा अंगठा उमटवून घेत नाही. दुःखात दिलेला शब्द माणसाला पुढे बांधतो, म्हणून तो मागायचाच नाही. रीत माणुसकीची आहे. तिच्यामुळे अनेक बायांच्या जमिनी वाचल्याचे भावसिंग सांगतो, आणि त्यात अतिशयोक्ती नसावी.

संगीताने अंगणात उभे राहून बिंदू घेतला. हंसाबाईने हळू आवाजात सगळे सांगितले. कोणते शेत, कोणता पंप, पाण्यात काय काय मिसळले, कधी ओकला. कोपऱ्यात पडलेल्या औषधाच्या रिकाम्या बाटलीचा फोटो संगीताने फॉर्मला जोडला. शेवटचा रकाना सहीचा होता. तो रिकामा ठेवून पुढे जाता येत नव्हते. तिने फॉर्म अर्धवट जतन केला आणि बाहेर पडली. उरलेल्या दोन घरांतही तिने तेच केले. दिवस झाले की परत जायचे, अंगठे घ्यायचे, फॉर्म पुरा करायचा असे तिने ठरवले होते.

त्याआधीच फोन परत मागवले गेले. झरी जामणीच्या जंगलातल्या गावांकडे दुसरी तुकडी निघायची होती आणि फोन मोजकेच होते. संगीता महागावला गेली, रेंजमध्ये बसून तिने पाठवा दाबले. हिरवी पट्टी एकेका फॉर्मवरून सरकत गेली. मग पुसदला जाऊन तिने फोन स्वानंदच्या हाती दिला.

"सर, सगळं गेलं न?"

स्वानंदने पडदा पाहिला. "पाठवायचे शून्य. म्हणजे सगळं गेलं."

"तीन अर्धे होते."

"ते नंतर बघू," तो म्हणाला. त्याच्यासमोर इतर गावांचे फोन पडले होते, आणि अर्धे म्हणजे घर बंद असलेले, माणूस न भेटलेले, अशी त्याची समजूत झाली. संगीताची समजूत वेगळी होती. तिने आयुष्यभर तहसीलची कामे पाहिली होती. तिथे अर्धवट अर्जही खिडकीत स्वीकारला जातो, आत जातो आणि त्रुटीचा शेरा घेऊन परत येतो. तो परत आला की उणीव भरायची. आपले तीन फॉर्मही तसेच आत गेले असतील आणि सहीसाठी परत येतील, असे ती धरून चालली. ॲपची रीत निराळी होती. ते फक्त पुरा केलेला फॉर्म पाठवते. अर्धवट फॉर्म पाठवायच्या मोजणीत धरलाच जात नाही, तो फोनमध्येच बसून राहतो. दोघेही आपापल्या परीने खरे बोलले होते.

झरीकडे फोन देण्यापूर्वी स्वानंदने ते सगळे कोरे केले. ॲपमधले जुने फॉर्म पुसले, सेटिंगही मूळपदावर गेली. त्यात हंसाबाईचे बोलणे आणि तिच्या अंगणाचा बिंदू गेला.

नोव्हेंबरच्या मध्यावर महागावात बैठक झाली. रत्नप्रभाताईंनी भिंतीवर नकाशा दाखवला. आजारी पडलेल्यांचे निळे ठिपके आणि मृतांचे लाल. पळसखोरीवर निळे ठिपके दाटीने होते, लाल एकही नव्हता.

"या तांड्यात इतके रुग्ण असूनही मृत्यू शून्य आहे," त्या म्हणाल्या. "वेळेवर उपचार झाले, हे दिलासा देणारं आहे."

भावसिंग मागच्या रांगेत होता. तो उभा राहिला.

"मॅडम, शून्य काहून? तीन जणांले मी सोता खांदा देल्ला. ते काय झोपून राह्यले?" मग तो संगीताकडे वळला. "का वं सर्वेवाली? कोंबड्या मोजता येते तुले, माणसं नाई येत?"

सभेत हशा झाला आणि लगेच ओसरला. अंगठा घेऊ नको असे कोणी सांगितले होते, हे संगीता त्या क्षणी म्हणू शकली असती. तिने ते म्हटले नाही, नंतरही कधी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

अशा नकाशाचा दोष एरवी लक्षात येत नाही. घडले नाही आणि नोंदले गेले नाही, या दोन गोष्टी त्याच्यावर एकाच रीतीने दिसतात. दोहोंच्या जागी मोकळा कागद असतो. पळसखोरीत तर ज्या घरांत मरण झाले नेमकी तीच घरे गळली होती, कारण तिथेच अंगठा घ्यायला मनाई होती. नजरचुकीने एखादे घर राहून गेले असते तर नकाशा थोडा उणा पडला असता. इथे तांड्याच्या सभ्यतेनेच त्याला खोटे केले.

बैठक संपल्यावर संगीता स्वानंदपाशी गेली.

"सर, ते तीन अर्धे."

"कोणते तीन?"

"पळसखोरीचे. मरणाचे. सह्या राह्यल्या होत्या."

स्वानंद लॅपटॉप बंद करत होता, त्याचा हात थांबला. "मरणाचे? तू मला बंद घरं म्हणालीस."

"म्या अर्धे म्हटलं. बंद नाई म्हटलं."

त्याने पुन्हा पुन्हा सर्व्हर पाहिला. जे तिथे आलेच नव्हते ते तिथे सापडणार नव्हते. "फोन कोरा केलाय गं," तो म्हणाला. "पुसलेलं परत येत नाही."

रत्नप्रभाताईंनी ऐकून घेतले. "तू तोंडी सांग, मी इथून संगणकावर भरते," असे त्या आधी म्हणाल्या. मग त्यांनीच ते मागे घेतले. संगणकावरून भरलेल्या नोंदीला जागेचा बिंदू नसता, सही नसती. एका तालुक्यातून अशा नोंदी गेल्यावर समितीने ती सगळी यादीच संशयित ठरवली होती. "परत जा," त्या म्हणाल्या. "तीस तारखेला कार्यालय बंद होईपर्यंत मी यादी हातात धरून ठेवते. त्यापुढे माझ्याच्यानं होणार नाही."

संगीताला झरीहून परत आलेला एक फोन मिळाला. दोन घरांचे काम एका दिवसात झाले. दिवस उलटून गेले होते, अंगठे मिळाले, टेकडीवरच्या कडुनिंबाखालून फॉर्म गेलेही. हंसाबाईच्या घराला मात्र कुलूप होते. दिवाळी झाली की तांड्यातली निम्मी माणसे ऊसतोडीला जातात, तशी तीही गेली होती. नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरला जातो. डोंगरसिंग नव्हता, म्हणून ती दिराच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून गेली. टोळी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कारखान्यावर होती.

बिंदू इथे होता आणि माणूस तिकडे. संगीताने आता एक गोष्ट नीट समजून घेतली होती. अर्धवट फॉर्ममध्ये घेतलेला बिंदू जागचा हलत नाही. फोन कुठेही नेला तरी, बिंदूचा रकाना पुन्हा उघडून नवा घेतला नाही, तर पहिलाच राहतो. कुलूपबंद घराच्या अंगणात ती उभी राहिली. अंगणात गवत माजले होते, अचूकता लवकर उतरली. बाटली शोधली, ती कोणी तरी उचलून नेली होती. तिने कुलूप आणि ओट्यावर उपडा पडलेला फवारणीचा पंप यांचा फोटो काढला आणि फॉर्म अर्धवट जतन केला. जाण्यापूर्वी तो जतन झालाय का, हे तिने तीनदा पाहिले.

भावसिंगने तिला वाटेत गाठले. "एकली जातं का सोलापुरापावतर?"

"मंग कोण जाईन?"

"मी येतो असं म्हणत नाई," तो म्हणाला आणि मग काही वेळ तिच्याबरोबर चालत राहिला. "हंसाला सांगजो, नायकानं अंगठा द्यायला सांगतलं. दिवस झाले. तिच्या मनात अढी नोको."

पुसदहून नांदेड, तिथून पुढे दोन गाड्या बदलून ती तीस तारखेला दुपारी टोळीच्या उसाच्या फडावर पोहोचली. सगळीकडे तुटलेल्या उसाची पाचट पसरली होती. हंसाबाई मोळ्या बांधत होती. चेहरा काळवंडलेला, हातांना पाचटीच्या रेघा. संगीताला पाहून तिने कोयता खाली ठेवला, पण बसली नाही.

"काहून आली वं? घरी कोणी गेलं का?"

"नाई याडी. त्या कामासाठी आली. अंगठा राह्यला होता."

"त्या दिवशी सगळं सांगतलं न तुले."

"ते पुसलं गेलं."

हंसाबाई तिच्याकडे पाहत राहिली. "पुसलं? मी बोलली ते?"

"हाव. माझ्याच हातून राह्यलं ते."

"मंग आता परत सांगू? परत तेच?"

दीर ट्रॅक्टरपाशी उभा होता, त्याने ओरडून विचारले, "वहिनी, भरायची का नाई गाडी?" हंसाबाईने त्याला हाताने थांब म्हटले आणि बांधावर बसली. मग तिने पुन्हा सांगितले. पण पहिल्यासारखे नाही. पहिल्यांदा तिने पाण्यात कालवलेल्या औषधांची नावे सांगितली होती, आता ती तिला आठवेनात. "लाल झाकणाची एक होती," ती म्हणाली. "दुसरी आठोतच नाई. मले आता त्याचं तोंडच दिसते फक्त." संगीताला पहिली नावे अंधुक आठवत होती. तिने ती भरली नाहीत. समोरचा माणूस जे बोलेल तेच भरायचे, हे तिला शिकवलेले होते. रकान्यात तिने लिहिले: सांगता येत नाही.

"हा अंगठा कायले लागते?" हंसाबाईने विचारले. "मोबदल्यासाठी का?"

"तो कशानं गेला ते लिहिण्यासाठी. डॉक्टर येतील, तुमचं ऐकतील."

"अथी येतील? फडात?"

"आधी यादीत नाव जाऊ द्या," संगीता म्हणाली.

हंसाबाईने बोट पदराला पुसले. फोनच्या काचेवर उसाच्या चिकामुळे ते उमटेना, रेघ तुटक येई. दोनदा पुसून तिसऱ्यांदा तिने ओबडधोबड रेघ ओढली आणि उठून मोळ्यांकडे गेली. निरोप राहिला होता. संगीताने मागून हाक मारली, "नायकानं सांगतलं, दिवस झाले म्हणावं." हंसाबाई वळली नाही. "हाव, झाले," एवढेच ऐकू आले.

फॉर्म पुरा झाला. आता फक्त पाठवायचा होता. फडावर रेंज नव्हती, संगीता डांबरी रस्त्यापर्यंत चालत आली. तिथे दोन काड्या होत्या, पण इंटरनेट जुन्या संथ जातीचे. तिने पाठवा दाबले. पट्टी अर्ध्यावर येऊन थांबली आणि लाल अक्षरांत अपयश आले. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. तिने स्वानंदला फोन लावला.

"फोटो आहे का त्यात?"

"एक हाये. घराचा."

"कोरा केला तेव्हा फोटो लहान करायची सेटिंग गेली असणार. मूळ आकाराचा फोटो आहे तो, चांगला मोठा असणार. फॉर्म आणि फोटो एकत्रच जातात. मध्ये तुटलं की पहिल्यापासून."

"फोटो काढून टाकू का? मंग जाईन?"

"फॉर्म पुरा केलास का?"

"केला."

"उघडता येतो अजून. पण थांब, उगाच हात लावू नकोस. बिंदूचा रकाना चुकून उघडलास तर तिथलाच बिंदू बसेल." तो घाबरलेला होता आणि ते तिला ऐकू येत होते. "सोलापूरला जा. तिथे चांगलं नेट मिळेल."

"तवर कार्यालय बंद होईन."

"मावशीला सांगतो मी."

तिने फोटो काढला नाही, बसमध्ये बसली. वाटेतल्या प्रत्येक गावाजवळ तिने पाठवा दाबले, प्रत्येक वेळी पट्टी थोडी पुढे गेली आणि तुटली. सोलापूरच्या बसस्थानकावर उतरल्यावर पट्टी एका दमात शेवटपर्यंत गेली आणि "पाठवले" असे आले. संगीताने घड्याळ पाहिले नाही. रत्नप्रभाताईंनी सांगितले ते असे: कार्यालय बंद व्हायच्या वेळी त्यांनी यादी समितीच्या माणसाच्या हाती दिली, त्याने पोच दिली. परत येऊन सर्व्हर उघडला तेव्हा पळसखोरीवर तिसरा लाल ठिपका होता.

त्यांनी दुसऱ्या दिवशी पुरवणी यादी नेली. तिच्यात एकच नाव होते. एका नावासाठी यादी उघडता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्या पुन्हा गेल्या. तिसऱ्या वेळी त्यांना बाहेरच बसवले. समितीचे डॉक्टर पळसखोरीत आले, दोन घरांत जाऊन जबाब घेतले. हंसाबाईच्या घराला तेव्हाही कुलूप होते. भावसिंगने त्यांना ओट्यापाशी नेऊन उभे केले, पंप दाखवला. यादीत नसलेल्या घराचा जबाब घेता येत नाही, असे ते म्हणाले आणि निघून गेले.

उन्हाळ्यात हंसाबाई परत आली. संगीताने तिला फोनवर नकाशा दाखवला. ठिपका बरोबर तिच्या अंगणात होता. हंसाबाईने तो बोटाने मोठा केला, लहान केला. "हा तो?" तिने विचारले. मग म्हणाली, "बरं झालं, घरी तरी हाये."

स्वानंदने त्यानंतरच्या कामांसाठी नियम केला: फोन परत घेताना पाठवलेले आणि अर्धवट असे दोन्ही आकडे पाहायचे, आणि अर्धवट एकही असेल तर फोन कोरा करायचा नाही. नियम चांगला आहे. संगीताने तो त्याच्या तोंडून ऐकला, मान हलवली आणि पुढच्या सर्वेक्षणाला येणार नाही म्हणून सांगितले. ती आता महागावात मुलांच्या शिकवण्या घेते.

डोंगरसिंग राठोड याचा मृत्यू विषबाधेने झाला, अशी नोंद हे टिपण लिहीपर्यंत, म्हणजे २०२१ सालच्या डिसेंबरपर्यंत, कोणत्याही कार्यालयात झालेली नव्हती.